घर्षणाचा बाण कोणत्या बाजूला?

मालट्रकचा फाळका खाली सोडलेला आहे. जमिनीपासून हौद्यापर्यंत दोन मीटर लांबीची लाकडी फळी टेकवली आहे आणि हौद्याची उंची १.२ मीटर. फळीवर मधोमध वीस किलोची एक पेटी. एक हमाल फळीला समांतर हात लावून ती वर ढकलतो आहे आणि पेटी जागची हललेली नाही. प्रश्न असा : आत्ता पेटीवर घर्षणबल किती, आणि कोणत्या दिशेने?

अकरावीच्या वर्गात हा प्रश्न टाकला तर निम्मे हात लगेच वर जातात. ‘μ गुणिले N’ हे एक उत्तर येते. ‘हमाल वर ढकलतोय, म्हणजे घर्षण खाली’ हे दुसरे. ‘पेटी खाली घसरू पाहते, म्हणजे घर्षण वर’ हे तिसरे. हमाल किती जोराने ढकलतो आहे हे कळल्याशिवाय यातले एकही उत्तर देता येत नाही. उतरणीच्या न्यूमेरिकलमध्ये सर्वाधिक गुण जातात ते इथेच, आणि ते वाचवायचा मार्ग म्हणजे फ्री बॉडी डायग्राम.

नाव भारदस्त असले तरी ही आकृती अगदी रिकामी असते. ट्रक नाही, फळी नाही, हमालही नाही. कागदावर फक्त पेटीच्या जागी एक ठिपका आणि पेटीला बाहेरून जो जो कोणी ओढतो वा ढकलतो, त्या प्रत्येकाचा एक बाण. फळी डावीकडून उजवीकडे चढत जाते असे समजू. पहिला बाण पृथ्वीचा : वजनाचा, सरळ खाली. g चे मूल्य सोयीसाठी १० धरले तर २०० न्यूटन. दुसरा बाण फळीचा : अभिलंब बल N. तो फळीला काटकोनात, म्हणजे सरळ वर न जाता थोडा डावीकडे झुकलेला. तिसरा हमालाचा : फळीला समांतर, उजवीकडे वर. चौथा बाण घर्षणाचा. तो फळीलाच समांतर असणार एवढे नक्की. त्याचे टोक कुठल्या बाजूला काढायचे हे तूर्त बाजूला ठेवायचे.

चारच बाण. पाचवा आला की समजावे, काहीतरी चुकले. बरेच विद्यार्थी वजनाचा बाण काढतात, त्याचे दोन घटकही ठळक रेघांनी काढतात आणि मग बेरीज करताना तिन्ही धरतात. पेटीचे वजन त्यांच्या वहीत दोनदा भरते. घटक काढायचे तर तुटक रेघेने काढावेत. काहीजण ‘गतीचे बल’ म्हणून आणखी एक बाण काढतात. ते लावणारा कोण, असे विचारले की उत्तर मिळत नाही. ज्याला मालक नाही तो बाण खोडावा.

आता अक्ष. ते आडवे-उभे न ठेवता फळीबरोबर तिरपे करायचे : एक फळीच्या दिशेने, दुसरा तिला काटकोनात. मग चारांपैकी तीन बाण अक्षांवर येतात आणि एकट्या वजनाची फोड करावी लागते. फळीची उंची भागिले लांबी म्हणजे १.२ भागिले २, म्हणून sin θ = ०.६ आणि cos θ = ०.८. (हाच तो पुस्तकांचा लाडका ३७ अंशांचा कोन, आकडे सुटसुटीत येतात म्हणून लाडका.) वजनाचा फळीवरून खाली ओढणारा घटक २०० × ०.६ = १२० न्यूटन, आणि फळीवर दाबणारा घटक २०० × ०.८ = १६० न्यूटन. sin कुठे आणि cos कुठे, याचा गोंधळ झाला तर फळी मनात आडवी करावी. सपाट फळीवर पेटीला कोणी खाली ओढत नाही, तेव्हा घसरवणारा घटक शून्य झाला पाहिजे. शून्य अंशाला शून्य होतो तो sin.

काटकोनाच्या दिशेने पेटी उडत नाही आणि फळीत रुततही नाही, म्हणून N = १६० न्यूटन. पेटी आणि फळी यांच्यातला स्थितिक घर्षणाचा गुणांक ०.५ आणि गतिक घर्षणाचा ०.४ दिलेला आहे असे धरू. स्थितिक घर्षण जास्तीत जास्त ०.५ × १६० = ८० न्यूटन होऊ शकते.

‘जास्तीत जास्त’ हे शब्द महत्त्वाचे. μN हे थांबलेल्या वस्तूवरचे घर्षण नव्हे, ती त्याची कमाल मर्यादा आहे. बँकेत काढता येण्याजोगे आठ हजार असले म्हणून कोणी रोज आठ हजार काढत नाही, गरजेपुरते काढतो. घर्षणही तसेच, शून्यापासून ८० पर्यंत लागेल तेवढेच आणि लागेल त्या दिशेने.

हमालाला आता थोडे थोडे जोर लावू द्या. त्याने हात काढून घेतला तर खाली ओढणारे १२० आणि घर्षणाची ऐपत ८०, पेटी घसरणार. एकदा घसरू लागली की घर्षण गतिक होते, ०.४ × १६० = ६४ न्यूटन, आणि पेटी (१२० − ६४) ÷ २० = २.८ मीटर प्रति सेकंद वर्ग या त्वरणाने खाली येते. ती नुसती धरून ठेवायची तर किमान ४० न्यूटन लावावे लागतील, कारण उरलेले ८० घर्षण सांभाळते. हमाल १०० न्यूटन लावतो तेव्हा कमी पडतात फक्त २०, म्हणून घर्षण २० न्यूटन, दिशा वर. तो बरोबर १२० लावतो तेव्हा घर्षण शून्य. खडबडीत फळी, वर वीस किलोची पेटी, तरी घर्षणाचा बाणच नाही. १५० लावले की हिशेब उलटतो : आता पेटी वर सरकू पाहते, म्हणून घर्षण ३० न्यूटन, दिशा खाली. २०० न्यूटनला घर्षणाची खालच्या दिशेची मर्यादाही संपते आणि पेटी वर सरकण्याच्या बेतात येते.

म्हणजे ४० पासून २०० न्यूटनपर्यंत हमालाचा जोर कितीही असो, पेटी जागच्या जागीच राहते. बदलतो तो फक्त चौथा बाण. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर या पट्ट्यात कुठेही असू शकते. वहीत सोडवताना बाणाची दिशा चुकीची धरली तरी बिघडत नाही. समीकरण मांडावे, उत्तर ऋण आले तर बाण उलट्या दिशेचा. आधी मर्यादेत बसते का ते तपासायचे, मगच उत्तर लिहायचे, एवढे पथ्य मात्र पाळावे लागते. घर्षण ९५ आले तर पेटी थांबलेली आहे हे गृहीतच चुकले.

पेटी हलल्यावर समान वेगाने वर न्यायला १२० + ६४ = १८४ न्यूटन पुरतात. सुरुवातीला जोर लावावा लागतो आणि मग ‘हात हलका होतो’ असा जो अनुभव येतो, तो या १६ न्यूटनांचा.

इथे एक गंमत दिसते. पेटी हलवायला २०० न्यूटन लागले आणि पेटीचे वजनही २०० न्यूटनच. मग फळी लावून मिळवले काय? बळाच्या हिशेबात काहीच नाही. फळी चढी आणि खरखरीत असेल तर उतरण नावाचे हे साधे यंत्र आपला फायदा घालवून बसते. तीच पेटी चार मीटरच्या फळीवरून चढवली तर sin θ ०.३ होतो, cos θ सुमारे ०.९५ आणि पेटी हलवायला सुमारे १५५ न्यूटन लागतात. शिवाय दम खायला हात सोडला तरी पेटी खाली येत नाही : खाली ओढणारे ६०, आणि घर्षण ९५ पर्यंत पेलू शकते. किंमत मात्र दुसरीकडे मोजावी लागते. समान वेगाने नेताना छोट्या फळीवर १८४ × २, म्हणजे ३६८ ज्यूल कार्य होते. लांब फळीवर ते ५४५ च्या आसपास जाते. जोर कमी, घाम जास्त.

हमालाने फळीला समांतर न ढकलता हात आडवा ठेवला तर? परीक्षेत हा फेरफार हमखास असतो. आकृतीत हमालाचा बाण आता आडवा, आणि त्याचीही फोड करावी लागते : P चे ०.८ भाग वर ढकलतात आणि ०.६ भाग पेटीला फळीवर आणखी दाबतात. N आता १६० राहत नाही, १६० + ०.६P होतो आणि त्याबरोबर घर्षणाची मर्यादाही वाढते. पेटी वर हलण्याच्या बेतात असताना ०.८P = १२० + ०.५(१६० + ०.६P). यातून P = ४०० न्यूटन, म्हणजे बरोबर दुप्पट. ‘N म्हणजे mg cos θ’ हे पाठ करून बसलेल्यांना इथे २५० न्यूटन मिळतात.

‘घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध’ हे आणखी एक पाठ केलेले वाक्य. ते मोडायला कर्जत-लोणावळ्याचा बोरघाट पुरेसा आहे. १८६३ मध्ये सुरू झालेल्या या घाटात रेल्वेची चढण ३७ मीटरला एक मीटर आहे. कोन जेमतेम दीड अंश, पण इंजिनासह हजार टनांची गाडी धरली तर तिला मागे ओढणारा घटक सुमारे २,७०,००० न्यूटन. गाडी वर जाते ती इंजिनाची चाके रुळाला मागे रेटतात आणि रुळाचे घर्षण त्यांना पुढे रेटते म्हणून. इंजिनाच्या आकृतीत घर्षणाचा बाण चढाच्या दिशेने, गतीच्याच बाजूला. चाके न घसरता फिरतात, तेव्हा हे स्थितिक घर्षण, आणि त्यालाही मर्यादा आहे. १२० टनांचे इंजिन आणि कोरड्या रुळावर गुणांक ०.३ धरला तर मर्यादा सुमारे ३,६०,००० न्यूटन, काम भागते. पावसात गुणांक निम्म्यावर आला असे समजा : मर्यादा १,८०,०००. चाके जागीच गरगरतील. यासाठीच इंजिनांमध्ये चाकांपुढे रुळावर वाळू सोडायची सोय असते.

मागून तेवढ्याच वजनाचे आणखी एक इंजिन जोडले तर ओल्या रुळावरची मर्यादा ३,६०,००० होते आणि मागे ओढणारा घटक वाढून जेमतेम ३,०३,००० वर जातो. घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून अशी इंजिने लावतात. त्यांना ‘बँकर’ म्हणतात.