मोटरमन काकांना पॉडकास्टचं आमंत्रण

‘आमच्या पॉडकास्टवर याल का? तुम्हाला कधी जमेल ते सांगा.’ पाहुण्याला बहुतेक वेळा असा निरोप जातो आणि मग आठवडाभर काहीच घडत नाही. पाहुण्याला यायचं नसतं असं नाही. कधी, कुठे बसून, किती वेळ आणि कशाबद्दल बोलायचं, यातलं त्याला काहीच सांगितलेलं नसतं. ‘कधी जमेल’ असं विचारलं की ठरवण्याचं सगळं ओझं त्याच्यावर पडतं. म्हणून आमंत्रण लिहायला बसताना आधी पाहुण्याचं घर आणि त्याचा दिवस डोळ्यांसमोर आणावा.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातून पॉडकास्ट करणाऱ्या एका मुलीला मुंबई लोकलच्या निवृत्त मोटरमनशी बोलायचं आहे. काका सध्या न्यू जर्सीत लेकीकडे राहायला गेले आहेत. नातू शाळेत जातो, लेक-जावई नोकरीवर. म्हणजे सकाळी दहानंतर घरात काका-काकू दोघंच. रेकॉर्डिंगसाठी याहून शांत वेळ मिळणार नाही, आणि ती पुण्यात संध्याकाळी पडते. तिने पाठवावा असा निरोप साधारण असा:

‘नमस्कार काका. मोटरमनच्या केबिनमधून मुंबई कशी दिसते, यावर तुमच्याशी गप्पा मारायच्या आहेत. फक्त आवाज रेकॉर्ड होईल, व्हिडिओ नाही. यातली कोणती वेळ सोयीची पडेल?
मंगळवार 27 ऑक्टोबर, तुमचे सकाळचे 10 (पुण्यात संध्याकाळी 7.30)
गुरुवार 29 ऑक्टोबर, तुमचे सकाळचे 10 (पुण्यात संध्याकाळी 7.30)
बुधवार 4 नोव्हेंबर, तुमचे सकाळचे 10 (पुण्यात रात्री 8.30)
एकूण दोन तास मोकळे ठेवा. पहिली वीस मिनिटं आवाज तपासायला, मग सव्वा तास गप्पा, मध्ये चहापाण्याला थांबू. ऐकणाऱ्यांपर्यंत त्यातली पाऊण तास पोचतील. लेकीचा लॅपटॉप आणि वायरचा हेडफोन लागेल. बोलायचे विषय खाली देते. एखादा नको असेल तर निःसंकोच सांगा.’

वेळा तीनच दिल्या आहेत. एकच दिली तर ती जमली नाही की संवाद तिथेच थांबतो आणि दहा दिल्या तर माणूस ‘बघून सांगतो’ म्हणतो. तिसऱ्या वेळेत पुण्याचे साडेसातचे साडेआठ झाले आहेत, ती चूक नाही. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात आणि 2026 मध्ये तो रविवार 1 तारखेला येतो. आपली घड्याळं बारा महिने तशीच राहतात, त्यामुळे साडेनऊ तासांचा फरक साडेदहा तासांवर जातो. हे लक्षात न घेता 4 तारखेलाही ‘साडेसात’ लिहिलं असतं, तर ती पुण्यात संध्याकाळी लिंक उघडून बसली असती आणि काका तासाभराने आले असते. म्हणून दोन्हीकडची वेळ, वार आणि तारखेसकट लिहावी. 4 नोव्हेंबरच्या पुढे मात्र तिने वेळ दिलेली नाही. 8 तारखेला लक्ष्मीपूजन आहे. त्या आठवड्यात पुण्यात रात्री फटाके वाजणार आणि ते तिच्याच मायक्रोफोनमध्ये येणार.

आता लॅपटॉप आणि वायरच्या हेडफोनचं कारण. साध्या व्हिडिओ कॉलवर आवाज इंटरनेटवरून येताना दाबला जातो आणि नेट अडखळलं की शब्द गळतात. तेच रेकॉर्ड केलं तर गळलेला शब्द कायमचा गेला. रिव्हरसाइड, झेनकास्टर अशा सेवांमध्ये प्रत्येकाचा आवाज त्याच्याच लॅपटॉपवर वेगळा साठवला जातो आणि मग वर चढवला जातो. बोलताना काका मध्येच तुटक ऐकू आले, तरी त्यांच्याकडच्या फाइलमध्ये ते वाक्य अखंड असतं. काकांना काही विकत घ्यायचं किंवा खातं उघडायचं नाही, आलेली लिंक क्रोममध्ये उघडायची. फक्त शेवटी घाई करायची नाही. न दाबलेल्या आवाजाची तासाभराची फाइल साडेतीनशे एमबीच्या आसपास जाते. ती पूर्ण वर चढल्याचं पडद्यावर दिसेपर्यंत खिडकी बंद करू नये. निरोप घेऊन लॅपटॉप खाडकन मिटला म्हणून अर्धी मुलाखत अडकून पडल्याचे प्रकार होतात.

हेडफोन नसेल तर तिचा प्रश्न काकांच्या स्पीकरमधून बाहेर पडून त्यांच्याच माइकमध्ये शिरतो. मग दोघं एकदम बोलले तिथे आवाज वेगळे काढता येत नाहीत. ब्लूटूथचा हेडफोन ऐकायला छान असतो, पण त्याचाच माइक वापरायला गेलं की बहुतेक वेळा आवाज टेलिफोनसारखा बसका होतो. ‘स’ आणि ‘श’ ऐकले की ते लगेच कळतं, दोन्ही सारखेच पुसट येतात. खोलीची परीक्षा त्याहून सोपी. एक टाळी वाजवायची. ती घुमली तर पलंग आणि पडदे असलेल्या खोलीत जायचं. स्वयंपाकघर टाळावं, कारण फ्रिजची घरघर आपल्याला सवयीने ऐकू येत नाही, माइकला येते. हे सगळं आमंत्रणात कोंबू नये. ठरलेल्या दिवसाच्या दोन-तीन दिवस आधी, लेक घरी असताना दहा मिनिटांचा एक चाचणी कॉल करावा आणि तेव्हा सांगावं.

सर्वांत जास्त विचार मात्र विषयांचा करावा. पंधरा प्रश्न लिहून पाठवले तर काका त्यांची उत्तरं वहीत लिहून काढतील आणि रेकॉर्डिंगला वाचून दाखवतील. काही विचारूच नये, तर जुन्या आठवणी आयत्या वेळी वर येणार नाहीत. चार विषय पुरतात. केबिनमध्ये एकट्याने बसायची सवय आणि हात सुटला की गाडीला ब्रेक लावणारं ते डेडमॅन हँडल. शेवटच्या डब्यातल्या गार्डशी घंटेवर चालणारं बोलणं. 26 जुलै 2005 चा पाऊस, त्या दिवशी तुम्ही कुठे होतात. निवृत्तीनंतर पहिल्यांदा प्रवासी म्हणून लोकलमध्ये बसलात तो दिवस. एवढं वाचून काका डबा आणि ड्यूटीच्या आठवणी काढायला लागतील, जुन्या सहकाऱ्याला फोनही करतील. पहिला प्रश्न कोणता असेल तेही सांगून टाकावं, सुरुवातीचा ताण त्याने उतरतो.

पाचवा विषय अवघड आहे. गाडीखाली आलेल्या माणसांचा. मुंबईत वर्षानुवर्षं गाडी चालवलेल्या मोटरमनच्या मनात तो असण्याची शक्यता मोठी आहे आणि ऐकणाऱ्यालाही तोच ऐकावासा वाटेल. तो रेकॉर्डिंग सुरू असताना अचानक काढणं मला क्रूरपणाचं वाटतं. लेखी यादीतही तो टाकू नये, कारण तो निरोप लेक किंवा काकू मोठ्याने वाचून दाखवत असू शकतात. चाचणी कॉल झाल्यावर, काका एकटे असताना विचारावं: ‘काका, रुळांवरच्या अपघातांबद्दल बोलावंसं वाटतं का? नाही म्हणालात तर मी त्या बाजूला जाणारसुद्धा नाही.’ ते नाही म्हणाले तर शब्द पाळायचा, गप्पा कितीही रंगल्या तरी. हो म्हणाले तर तो विषय शेवटी ठेवू नये. सव्वा तासातल्या मधल्या भागात घ्यावा, म्हणजे त्यानंतर हलकं व्हायला वेळ उरतो आणि काका त्याच मनःस्थितीत रिकाम्या घरात मागे राहत नाहीत. बोलून झाल्यावर तो भाग नको वाटला तर प्रसिद्ध होण्याआधी काढून टाकता येईल, हेही आधी सांगावं, आणि कोणत्या तारखेपर्यंत कळवायचं तेही.

काकांचा होकार आला की ठरलेली एकच वेळ, दोन्हीकडच्या घड्याळांसह, पुन्हा लिहून पाठवायची आणि उरलेल्या दोन वेळा रद्द झाल्याचं स्पष्ट सांगायचं. लिंक आदल्या संध्याकाळी पुन्हा पाठवायची, कारण आठवडाभरापूर्वीची लिंक व्हॉट्सॲपवर नातवाच्या फोटोंखाली गेलेली असते. आणि रेकॉर्डिंगच्या वेळी काकांच्या मोबाइलवरचं रेकॉर्डर सुरू करून, मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकून टेबलावर ठेवायला सांगायचं. लॅपटॉपने दगा दिलाच तर तेवढी एक प्रत हाताशी राहते.