मुखत्यारपत्र संपतं तिथून पुढे

पुण्या-मुंबईत चाळीस वर्षं जुन्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला की सभासदांच्या घरी बिल्डरच्या कराराचा जाडजूड मसुदा येऊन पडतो. सभासद बहुतेक सत्तरीपलीकडचे. करार नोंदवायच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात फोटो, अंगठा, सही असं सगळं होतं आणि समोरचा माणूस विचारतो, "दस्त वाचलात का? मान्य आहे ना?" आईला स्मृतिभ्रंश असेल तर बरीच कुटुंबं या टेबलापाशी पहिल्यांदा अडतात. तोवर पेन्शन खात्यात येत असते, मुलगी एटीएममधून पैसे काढत असते, घर चाललेलं असतं. इथे मात्र आई विचारते, "कसला दस्त?" 1908च्या नोंदणी कायद्याचं कलम 35 सांगतं, की दस्त लिहून देणाऱ्याची मानसिक अवस्था ठीक नाही असं अधिकाऱ्याला दिसलं तर त्याने नोंदणी नाकारायची. त्यामुळे तिथे कितीही गयावया केली तरी उपयोग नसतो.

असंच एक कुटुंब डोळ्यांसमोर आणू. आई 78 वर्षांची, निवृत्त शिक्षिका. वडील गेल्यावर फ्लॅट तिच्या एकटीच्या नावावर झाला. पेन्शनचं खातं धाकट्या मुलीसोबत जोडलेलं, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीचं. दुसऱ्या बँकेत तीन एफडी, त्या एकट्या आईच्या नावावर आणि नॉमिनी थोरला मुलगा, तो न्यू जर्सीत. मुलगी आईजवळ राहते. पाच वर्षांपूर्वी, आई ठणठणीत असताना, तिने मुलीच्या नावे कुलमुखत्यारपत्र नोंदवून दिलं होतं. तो कागद कपाटात असल्यामुळे घरात सगळे निर्धास्त आहेत.

खरी अडचण त्या निर्धास्तपणातच आहे. भारतीय करार कायदा 1872चा. त्याच्या कलम 201नुसार, अधिकार देणारी व्यक्ती मरण पावली किंवा तिचं मन ठिकाणावर राहिलं नाही की तिने दिलेली मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी हा कागद केला, नेमक्या त्याच दिवशी तो निकामी होतो. इंग्लंडमध्ये 2005च्या कायद्याने माणसाची समज गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं. परदेशातल्या मुलांना वाटतं, तसंच इथेही असणार. आपल्याकडे तशी सोय नाही. वर, महाराष्ट्रात मुखत्यारामार्फत दस्त नोंदवताना एक घोषणापत्र द्यावं लागतं. मुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही, लिहून देणारी व्यक्ती हयात आहे, इतर कुठल्याही कारणाने ते रद्दबातल ठरलेलं नाही, असं मुखत्याराने स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं, आणि खोटं निघालं तर कलम 82खाली शिक्षेला आपण पात्र आहोत हेही मान्य करायचं. आईच्या फायलीत मेंदूविकारतज्ज्ञांचे दोन वर्षांचे कागद असताना मुलीने या घोषणापत्रावर सही केली, तर पुढे भावाशी बिनसल्यावर तेच कागद तिच्याविरुद्ध उभे राहतील.

नॉमिनीचंही तसंच. नॉमिनेशन खातेदाराच्या मृत्यूनंतर कामाला येतं. आई जिवंत असेपर्यंत नॉमिनी मुलाला एफडीतला एक रुपयाही मागता येत नाही. जोडखातं चालतं, पण ते त्या एका खात्यापुरतं. एफडी मोडायची झाली तर पावतीवर आईची सही हवी, आणि स्मृतिभ्रंशात सही लवकर बिघडते. आधी आडनावातलं एखादं अक्षर गळतं, मग सही ओळीवरून खाली घसरते, मग ती अर्ध्यावरच थांबते. बँकेतून 'सही जुळत नाही' असा शेरा येतो. त्यावर अंगठ्याचा उपाय सुचवला जातो. बँकांच्या नियमांत तो आहेही: आजारी खातेदाराचा अंगठा, बँकेला माहीत असलेल्या दोन साक्षीदारांसमोर, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. पण ही सोय हात चालत नसलेल्यासाठी आहे. पैसे कशाला काढतोय हे ज्याला कळतं आणि सही मात्र जमत नाही, अशा माणसासाठी.

मग कायद्यात दुसरा रस्ता कोणता? 2018पर्यंत तो सरळ होता. 1987च्या मानसिक आरोग्य कायद्यात एक स्वतंत्र प्रकरणच होतं. त्यानुसार जिल्हा न्यायालय चौकशी करून मनोरुग्णाच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमू शकत असे. त्याच्या जागी आलेला 2017चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018पासून लागू झाला. रुग्णाच्या हक्कांच्या बाबतीत तो कितीतरी पुढचा आहे, पण मालमत्तेचं ते प्रकरण त्यात आलंच नाही. नव्या कायद्यातला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' उपचारांविषयी बोलू शकतो, बँकेत त्याला काही किंमत नाही. 1890चा पालक कायदा अल्पवयीनांपुरता. 1999चा नॅशनल ट्रस्ट कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता एवढ्यांसाठी, त्यात म्हातारपणचा स्मृतिभ्रंश बसत नाही. जुनी तरतूद काढताना तिच्या जागी काय, याचा विचार झाला नाही असंच म्हणावं लागतं. त्याचा भुर्दंड कुटुंबं भरतात.

आज उरतात ती दोन दारं. एक, 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 14. त्याखाली जिल्हा न्यायालय 'मर्यादित पालक' नेमू शकतं. त्या कायद्यातली मानसिक आजाराची व्याख्या स्मरणशक्ती आणि भान बिघडण्यालाही धरून आहे, त्यामुळे स्मृतिभ्रंश तिच्यात मांडता येतो. हा पालक ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक काळासाठी आणि त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून काम करणारा असतो. गरज पडली तर न्यायालय पूर्ण आधारही देऊ शकतं. दुसरं दार उच्च न्यायालयाचं, राज्यघटनेच्या अनुच्छेद 226खालच्या याचिकेचं. ज्याला स्वतःची काळजी घेता येत नाही त्याची काळजी शेवटी न्यायालय घेईल, या जुन्या तत्त्वावर उच्च न्यायालयं हा अधिकार वापरतात. केरळ उच्च न्यायालयाने 2019मध्ये कोमातल्या रुग्णांच्या पालकत्वासाठी सविस्तर मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. मुंबई उच्च न्यायालयाने 2020मध्ये कोमात असलेल्या पतीसाठी पत्नीला पालक नेमलं आणि तिच्या कामावर नजर ठेवायला विधी सेवा प्राधिकरणाला सांगितलं. स्मृतिभ्रंशाच्या याचिकाही याच वाटेने जातात. भावंडांचं एकमत असेल आणि फ्लॅट, एफडी असा बऱ्यापैकी ऐवज असेल तर वकील बहुधा हाच मार्ग सुचवतात.

आपल्या कुटुंबातल्या मुलीला आता काय जमवावं लागेल? सगळ्यांत आधी डॉक्टरांचं प्रमाणपत्र, आणि बहुतेकांचं पहिलं प्रमाणपत्र इथेच कमी पडतं. 'रुग्णास डिमेन्शिया आहे' या एका ओळीवर न्यायालय पालक नेमत नाही. सुरुवातीच्या टप्प्यातल्या कित्येकांना आपले व्यवहार नीट कळतात. आजार कुठला, कधीपासून, बरा होणारा आहे का, स्मरणशक्तीच्या चाचणीत (नेहमीची चाचणी तीस गुणांची असते) किती गुण मिळाले, आणि मुख्य म्हणजे पैशांच्या आणि मालमत्तेच्या व्यवहाराचा अर्थ तिला कळतो का, हे मेंदूविकारतज्ज्ञाने किंवा मनोविकारतज्ज्ञाने स्पष्ट लिहायला हवं. एवढ्यावर न थांबता न्यायालय सहसा ससूनसारख्या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या मंडळाकडून आईची तपासणी करवून घेतं. प्रवास झेपत नसेल तर घरी येऊन तपासणीची विनंती करता येते, आणि ती याचिकेतच केलेली बरी.

दुसरं, सगळे वारस. न्यू जर्सीतल्या भावाचं नाव याचिकेत हवंच, आणि बहिणीला पालक नेमायला आपली हरकत नाही असं त्याचं प्रतिज्ञापत्रही. ते तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा नोटरी आणि अपोस्टील करून पाठवावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा होकार चालत नाही. भाऊ विरोध करणार असेल तर ते आधीच ओळखावं, कारण वादग्रस्त वस्तुस्थितीच्या खोलात रिट याचिकेत उच्च न्यायालय सहसा शिरत नाही. मग साक्षीपुरावे घेऊ शकणाऱ्या न्यायालयात जायचं आणि बराच काळ थांबायचं. मोठ्या शहरांत माझ्या कानावर येणाऱ्या अशा प्रकरणांत आजारापेक्षा भावंडांचा अबोला जास्त वेळ खातो.

तिसरं, मालमत्तेची यादी. खाते क्रमांक, एफडीच्या पावत्या, लॉकर, फ्लॅटचे कागद, पेन्शन, आणि महिन्याचा खर्च: औषधं, दिवसाची बाई, डायपर, फिजिओथेरपी. याचिकेत मागणीही नेमकी असावी. 'सर्व मालमत्तेवर पालक नेमावे' एवढं मोघम मागितलं तर आदेशही मोघम येतो आणि बँकेचा विधी विभाग त्याला प्रश्न विचारत बसतो. अमुक बँकेतल्या अमुक तीन एफडी मोडून रक्कम आईच्याच खात्यात जमा करायची परवानगी, अमुक सोसायटीच्या पुनर्विकास करारावर आणि पर्यायी घराच्या करारावर आईच्या वतीने सही करायची परवानगी, असं लिहिलेलं असेल तर शाखेतल्या अधिकाऱ्याला आदेश वाचून काम करता येतं. नवा फ्लॅट आईच्याच नावावर राहील हेही त्यात यावं. बिल्डरचा माणूस 'ताई, तुमच्या नावावर करून टाकू' असं सहज सुचवतो. तो सल्ला मानला की पालकाचा स्वतःचा स्वार्थ मध्ये आला, आणि पालकपद जायला तेवढं पुरतं.

ही सगळी यातायात वाचून काही घरांत दुसरा विचार येतो: आईकडून आत्ताच बक्षीसपत्र करून घ्या. महाराष्ट्रात मुलांना राहतं घर बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, त्यामुळे मोह वाढतो. आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल आणि आईला खरंच द्यायचं असेल तर कायदा आडवा येत नाही. करार कायद्याच्या कलम 12नुसार एरवी भान हरपणारा माणूसही भानावर असताना करार करू शकतो, आणि वारसा कायदा मृत्युपत्राबद्दल तेच म्हणतो. पण ते भान होतं हे सिद्ध करायची वेळ दहा वर्षांनी येते, आणि तेव्हा सांगायला आई नसते. त्यामुळे निदान ताजं असताना मृत्युपत्र करायचं तर त्याच दिवशी डॉक्टरांनी तपासून तसं लिहून द्यावं, आणि शक्य झाल्यास डॉक्टरच साक्षीदार असावेत. त्याच सुमारास एकट्याच्या नावावरची खाती आणि एफडी जोडनावावर करून घ्याव्यात. पुढच्या न्यायालयीन कामाचा निम्मा भार त्याने हलका होतो. फ्लॅटचा प्रश्न त्याने सुटत नाही, तो पालकत्वाकडेच येतो.

आदेश हाती आला की मुलीचं खरं काम सुरू होतं. आईचा पैसा आईच्या खात्यातूनच फिरला पाहिजे. बाईचा पगार मुलीने स्वतःच्या खात्यातून दिला आणि महिन्याअखेरी ठोक रक्कम वळती केली तर हिशेब लावताना तिचीच दमछाक होते. आदेशात ठरवून दिलेल्या मुदतीला, बहुधा दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने, जमाखर्च न्यायालयाच्या कार्यालयात किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, बिलांसकट. आदेशात नसलेली गोष्ट, उदाहरणार्थ गावची जमीन विकणं, करायची तर पुन्हा अर्ज करून परवानगी घ्यायची. आईच्या वतीने मृत्युपत्र मात्र पालकाला कधीच करता येत नाही. आई गेली की पालकपद त्याच दिवशी संपतं. त्यानंतर तिच्या एफडीला हात लावायचा तर मुलीने पालकाचा आदेश बाजूला ठेवावा, मृत्यूचा दाखला घ्यावा आणि नॉमिनी भावाला कळवावं.