ड्युटी चार्ट लावताना : भाग ४
दोन पाळ्यांमधला सांधा

वॉर्डमध्ये किती सिस्टर लागतील, हे मागच्या भागात ठरवलं. आता नावं लिहायची. पाळ्या तीन: मॉर्निंग सकाळी ७ ते ३, इव्हिनिंग ३ ते ११ आणि नाइट ११ ते सकाळी ७. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७७च्या शिफारशीनुसार परिचारिकांना दोन पाळ्यांमध्ये शक्यतो सलग १२ तास विश्रांती मिळायला हवी. तोच नियम आपण धरू.

प्रत्येक वेळी तास मोजायची गरज नाही. चार्टवर लागोपाठच्या दोन दिवसांत तीनच जोड्या टाळायच्या असतात. इव्हिनिंगनंतर मॉर्निंग लावली, तर मध्ये फक्त ८ तास उरतात. नाइटनंतर इव्हिनिंग लावली, तरी तेवढेच. नाइटनंतर मॉर्निंग म्हणजे तर सलग १६ तासांची ड्युटी. बाकी सगळ्या जोड्यांत किमान १६ तास मिळतात. म्हणून मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट याच क्रमाने माणूस पुढे सरकवावा आणि मागे आणायचा असेल, तर मध्ये ऑफ द्यावा.

हे आठ तासही झोपेचे नसतात. रात्री ११ला ओव्हर देऊन निघालेली सिस्टर सव्वाबाराला घरी पोहोचते. सकाळी ७ला हजर राहायचं, तर पाचला उठावंच लागतं. जेवण आणि आवराआवर धरली, तर झोप जेमतेम चार तासांची होते.

चूक बहुधा आठवड्याच्या मध्ये होत नाही, ती रविवार-सोमवारच्या सांध्यावर होते. नवा चार्ट सोमवारपासून सुरू होतो. त्यात एखादीला सोमवारी मॉर्निंग दिलेली दिसते आणि ते बरोबरच वाटतं, कारण तिची रविवारची इव्हिनिंग जुन्या कागदावर राहिलेली असते. उपाय सोपा आहे. नव्या चार्टच्या डाव्या कडेला मागच्या रविवारचा रकाना आधी उतरवून घ्यायचा.

दुसरी जागा अदलाबदलीची. समजा, एकीला मंगळवार ते गुरुवार मॉर्निंग आहे आणि दुसरीला इव्हिनिंग. दोघी फक्त बुधवारची ड्युटी बदलून मागतात. पहिली बुधवारी इव्हिनिंग करून गुरुवारी मॉर्निंगला येते, तर दुसरी मंगळवारी इव्हिनिंग करून बुधवारी मॉर्निंगला येते. एका दिवसाच्या बदलात दोघींचीही विश्रांती मोडली. गुरुवारचीही ड्युटी बदलली, तर पहिलीचं निभावतं, पण दुसरीचा मंगळवार-बुधवारचा सांधा तसाच राहतो. म्हणून होकार देण्याआधी दोघींचे आदल्या आणि दुसऱ्या दिवसाचे असे चारही सांधे पाहावेत. एकही मोडत असेल, तर ती अदलाबदल नाकारावी किंवा आदल्या दिवशी दुसरीचा आणि नंतरच्या दिवशी पहिलीचा ऑफ असेल अशा दिवशी करावी.

पुढील भागात : नाइट ऑफ आणि साप्ताहिक सुट्टी