“आत्ता सीनियर म्हणून या, सहा महिन्यांत लीड करू”: यावर काय उत्तर द्यायचं?

आजच्या भागात एकच वाक्य घेऊया. पगार ठरलाय, जॉइनिंगची तारीख ठरत आलीय, आणि रिक्रूटर फोनवर म्हणते, “आत्ता टायटल सीनियर इंजिनियर असेल, पण सहा महिन्यांत तुम्हाला लीड करू.” तुम्ही आजच्या कंपनीत लीड आहात. मग हो म्हणायचं का?

आधी हे वाक्य येतं कुठून ते पाहू. बहुतेक मोठ्या कंपन्यांत जागा मंजूर होते ती एका ठरावीक ग्रेडवर, आणि बजेटही त्याच ग्रेडचं असतं. ग्रेड वाढवायची तर मंजुरी पुन्हा घ्यावी लागते. त्यात वेळ जातो आणि रिक्रूटरला तर जागा भरायची असते. म्हणजे ती खोटं बोलते असं नाही. पण प्रमोशन देणं तिच्या हातात नसतं. ते मॅनेजर, त्याच्या वरचे लोक आणि एचआर मिळून ठरवतात. रिक्रूटर बाहेरच्या कन्सल्टन्सीची असेल, तर तिच्या शब्दाने कंपनी सहसा बांधली जात नाही.

आता “सहा महिने” म्हणजे नक्की किती, ते एका उदाहरणावरून बघा. समजा, पुण्यातली एक कंपनी आहे आणि तिथे अप्रेझल एप्रिल ते मार्च चालतं. प्रमोशन वर्षातून एकदाच, एप्रिलमध्ये. आणि नियम असा, की 30 सप्टेंबरनंतर रुजू झालेल्यांचा त्या एप्रिलमध्ये विचार होत नाही. असे कट-ऑफ बऱ्याच ठिकाणी असतात, तारीख वेगळी असू शकते. तुम्ही 15 नोव्हेंबरला जॉइन झालात. सहा महिने भरतात मे महिन्यात. पण आधीचा एप्रिल तुम्हाला लागू नाही, म्हणजे थेट पुढच्या वर्षीचा एप्रिल. झाले की साडेसोळा महिने! कुणी फसवलं नाही, फक्त कॅलेंडर कुणी पाहिलं नाही.

म्हणून पहिला प्रश्न टायटलचा नाही, तारखेचा: “माझ्या जॉइनिंगच्या तारखेला मी कोणत्या अप्रेझलमध्ये बसतो? सायकलच्या बाहेर प्रमोशन होतं का, आणि त्याला मंजुरी कोण देतं?” उत्तर गुळमुळीत आलं, तर समजा की आत कुणाशी बोलणं झालेलं नाही.

त्यानंतर लेखी मागायचं. फोनवर नाही, ईमेलवर, आणि हायरिंग मॅनेजर व एचआर दोघांनाही ठेवून. मजकूर साधारण असा:

“ऑफरबद्दल आभार. आपल्या बोलण्यात सहा महिन्यांनंतर लीड पदाचा उल्लेख झाला. कृपया ऑफर लेटरमध्ये किंवा त्यासोबतच्या पत्रात पुढील गोष्टी नमूद कराव्यात: पदाचं नाव व ग्रेड, आढाव्याची तारीख, कोणत्या कामांवरून निर्णय होईल, आणि पद मिळाल्यावर पगारात होणारा बदल. हे पत्र मिळाल्यावर मी लगेच स्वीकृती कळवतो.”

शेवटचं वाक्य ठेवाच. तुम्ही अडून बसला नाही आहात, हे त्यातून कळतं.

ऑफर लेटरमध्येच का, असं तुम्ही विचाराल. तर बऱ्याच लेटरमध्ये शेवटी एक कलम असतं, की याआधीचं सगळं तोंडी आणि लेखी बोलणं रद्द, आता हेच पत्र खरं. त्याखाली सही केलीत की फोनवरचं आश्वासन तर सोडाच, आधीच्या ईमेललाही फारसा आधार उरत नाही.

यावर तीन प्रकारची उत्तरं येतात. “प्रमोशनची हमी लिहून देत नाही, पण अमुक तारखेला आढावा घेऊ असं लिहितो”: हे बऱ्यापैकी प्रामाणिक उत्तर आहे, घ्यावं. मात्र आढावा कशावर होणार ते त्यात हवं. नुसतं “कामगिरी आणि व्यवसायाच्या गरजेनुसार” लिहिलं असेल, तर हातात फारसं काही नाही. दुसरं, “आमच्या पॉलिसीत बसत नाही.” मग मॅनेजरकडून कंपनीच्या ईमेलवरून दोन ओळी मागा. करार म्हणून त्याला फारसं वजन नसेल, पण मॅनेजर बदलला तर दाखवायला काहीतरी राहतं. तिसरं, “अहो, विश्वास ठेवा ना.” इथे गणित सोपं करा: हे प्रमोशन कधीच होणार नाही असं धरून ऑफर बघा. पगार, काम, टीम यांवर तरीही ती परवडते का? परवडत असेल तर घ्या. नसेल तर आत्ताच लीड टायटल मागा, किंवा त्याची भरपाई जॉइनिंग बोनसमध्ये मागा.

आणि हे सगळं राजीनामा देण्याआधी. नोटीस पिरियड 90 दिवसांचा असेल तर मोह होतो, की आधी राजीनामा टाकू, पत्राचं नंतर बघू. एकदा राजीनामा गेला की समोरच्याला माहीत असतं, तुम्हाला मागे फिरायला जागा नाही.