कापूस शंभर क्विंटल, मग वायदा चौसष्टचाच का?

वरवट बकाल : घरी १०० क्विंटल कापूस असला तर वायद्यातही १०० क्विंटल विकून ठेवावा, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण कापसाचा वायदा गुजरातच्या भावावर चालतो, गावचा भाव त्याच्याबरोबर तंतोतंत हलत नाही.

समजा, महिन्याला गावचा भाव क्विंटलमागे साधारण २०० रुपयांनी हलतो, वायदा २५० रुपयांनी. दोघांचा सहसंबंध ०.८, म्हणजे पूर्ण सोबत चालले असते तर १ आला असता.

०.८ × २०० ÷ २५० = ०.६४

म्हणून वायद्यात ६४ क्विंटलच विकायचा. मग २०० रुपयांची चढउतार १२० वर येते. पूर्ण १०० विकला तर ती १५० राहते.

हिशेब भावांवरून नाही, भावातल्या बदलांवरून करावा, तोही दर हंगामात नव्याने. आणि वायदा चढला की मार्जिनचे पैसे लगेच भरावे लागतात, कापूस घरातच पडून असला तरी.