भाववाढ आणि खपातील घट : तूरडाळीचे एक उदाहरण

इ. स. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये तूरडाळीचा किरकोळ भाव अनेक शहरांत किलोमागे २०० रुपयांच्या घरात गेला. आधीचा भाव १०० रुपये मानल्यास ही वाढ शेकडा १०० होते. जितकी भाववाढ तितकीच काटछाट, हा प्रचलित ठोकताळा येथे लावला, तर खर्च कायम राखण्यासाठी डाळ वर्ज्यच करावी लागेल! वस्तुतः खप निम्मा केला म्हणजे पुरे.

भाववाढीची टक्केवारी जुन्या भावावर काढलेली असते. खपातील घट मात्र नव्या, वाढलेल्या भावाच्या प्रमाणात काढावयास हवी. भाव शेकडा क वाढल्यास खप शेकडा १००क ÷ (१०० + क) इतका घटवावा. म्हणजे २५ टक्के वाढीस २० टक्के घट. ठोकताळ्याप्रमाणे २५ टक्के घट केल्यास महिन्याचा ५ किलोंचा खप पावणेचार किलोंवर येतो, खर्च ५०० ऐवजी ४६८ रुपये ७५ पैसे होतो, आणि कुटुंब पाव किलो डाळीस विनाकारण मुकते. वाढ ५ टक्केच असता हा फरक पाव टक्क्याहूनही कमी असतो. ठोकताळा टिकून राहिला तो बहुधा यामुळेच.

नांदगाव खंडेश्वरसारख्या तूर पिकविणाऱ्या तालुक्यात मात्र घरची डाळ राखणाऱ्या कुटुंबास हे सूत्र केवळ विकतच्या डाळीपुरते लागू पडते. ५ पैकी २ किलो डाळ घरची असल्यास, भाव दुप्पट होताच विकतची डाळ ३ किलोंवरून दीड किलो होईल. एकूण खपातील घट ५० नव्हे, ३० टक्के. घरच्या डाळीचे बाजारमूल्यही खर्चात धरले, तर ती पुन्हा ५० टक्क्यांवर जाते.