दोनशे प्रती छापायच्या आहेत, तर…

वाचनालयाची रौप्यमहोत्सवी स्मरणिका काढायची आहे. डेमी आकार, ४८ पृष्ठे, आतली सगळी रंगीत, मध्ये पिन आणि प्रती फक्त २००. छापखान्यात पहिला प्रश्न येतो, डिजिटल की ऑफसेट?

ऑफसेटचा खर्च यंत्र फिरण्याआधीच होतो. १८ बाय २३ इंची कागदाच्या एका बाजूला डेमीची आठ पृष्ठे बसतात, म्हणजे दोन्ही बाजूंचा मिळून सोळा पृष्ठांचा एक फॉर्म. ४८ पृष्ठांचे तीन फॉर्म, सहा बाजू, आणि दर बाजूला चार रंगांच्या चार प्लेटा. झाल्या २४, मुखपृष्ठाच्या निराळ्या. शिवाय रंग एकमेकांवर नेमके बसेपर्यंत दर फॉर्मला बरेच कागद वाया जातात. त्यानंतर २०० कागद काही मिनिटांत निघतात. प्रती २०० असोत की २,०००, प्लेटा तेवढ्याच लागतात.

डिजिटलला प्लेट नसते, प्रत्येक छापाचे पैसे लागतात. हिशेबापुरते आकडे धरू. ऑफसेटची तयारी १८,००० रुपये आणि पुढे प्रत्येक प्रत २० रुपये. डिजिटलची प्रत ८० रुपये. २०० प्रतींना ऑफसेट २२,००० आणि डिजिटल १६,००० पडते. ३०० प्रतींना दोन्ही सारखेच, २४,०००. त्यापुढे ऑफसेट स्वस्त. दर गावोगावी बदलतात, म्हणून छापखान्याकडून २०० आणि ५०० अशा दोन्ही प्रतींचे दर मागावेत. बरोबरीचा आकडा आपला आपल्याला काढता येतो.

आतला मजकूर निव्वळ काळा असेल तर २४ प्लेटांच्या सहाच होतात आणि ऑफसेट पुन्हा शर्यतीत येते. डिजिटलमध्येही काळा छाप रंगीतपेक्षा बराच स्वस्त असतो, पण फाइलमधला काळा खरोखर एकाच शाईचा हवा. तो चार रंग मिसळून झालेला असेल तर दिसायला पान काळंच दिसतं, मात्र यंत्र ते रंगीत म्हणून मोजतं. बिल अचानक फुगतं ते बहुधा यामुळे.

दर्जाच्या बाबतीत मजकूर आणि छायाचित्रांत आज सामान्य वाचकाला फारसा फरक जाणवत नाही. सपाट रंगाचा मोठा पट्टा मात्र ऑफसेटवर अधिक एकसारखा उतरतो, डिजिटलवर कधी फिक्या-गडद रेघा दिसतात. खरी दुखरी जागा मुखपृष्ठाची घडी. टोनर कागदात न मुरता वर बसतो, त्यामुळे जाड कागद दुमडला की गडद रंग तडकून पांढरी रेघ उमटते. घडीच्या जागी आधी क्रीझिंग करून घ्यावं, वर लॅमिनेशन घ्यावं आणि पुठ्ठ्याजवळ गडद रंग शक्यतो टाळावा.

वेळेचं म्हणाल तर डिजिटलचे कागद छापल्या छापल्या दुमडता येतात. ऑफसेटची शाई वाळू द्यावी लागते. घाई केली तर ती समोरच्या पानावर उमटते. समारंभ चार दिवसांवर असेल, तर २०० रंगीत प्रतींसाठी मी डिजिटलच निवडीन. त्यात आणखी एक सोय आहे. त्याच यंत्रावर, त्याच कागदावर आधी एकच प्रत छापून, पिन मारून, कापून हातात घेता येते. ती उघडून मधल्या पृष्ठांचे समास पाहावेत: पिनच्या बांधणीत आतली पृष्ठे बाहेर सरकतात आणि कापताना त्यांच्या कडेचा मजकूर ब्लेडच्या अगदी जवळ येतो. तसं झालं असेल, तर उरलेल्या १९९ प्रतींआधी फाइल दुरुस्त करायला वेळ मिळतो.